गोड पिठाला लागणारा वेळ

दादा गेला त्याला आता पाच महिने झाले. साताऱ्याच्या त्याच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस जमिनीवर बसता बसता एकच वाक्य बोलत होता, की त्यांच्या हातचा गोड बन आता मिळायचा नाही. मी वहिनीशेजारी बसून मान हलवत होते. मनात येत होते, या बनाने आमच्या घराचे काय केले ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही तेच बरे आहे. पण घरी परत आल्यापासून ते मला लिहून काढावेसे वाटते आहे. मला घाई नाही. रोज थोडे लिहिते, काही दिवस नुसतीच बसून राहते.

आमची बेकरी सांगलीत होती. आम्ही मूळचे कोरेगावकडचे शेतकरी. आबा, म्हणजे आमचे वडील, तरुणपणी पलटणीत गेले आणि तिथे बंदूक कमी आणि पीठ जास्त हाताळून परत आले. लष्कराच्या बेकरीत ते पाव शिकले. पेन्शन घेऊन गावी ऊस लावायचा तर त्यांनी सांगलीत भट्टी बांधली. भाऊबंद हसले. 'कुणब्याचं पोर पाव भाजतंय' असे म्हणाले. आबांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. बोलणे टाकणे हे आबांचे मोठे हत्यार होते, आणि ते त्यांनी जन्मभर वापरले.

बेकरीत मागच्या बाजूला एक लहान खोली होती. त्या खोलीत ईस्टचा डबा असे. ईस्ट म्हणजे पाव फुगवणारे खमीर. आमच्याकडे ते पत्र्याच्या मोठ्या डब्यातून मुंबईहून येई, वाळलेले, मोहरीपेक्षा बारीक अशा तपकिरी दाण्यांचे. खोलीला कुलूप होते आणि किल्ली आबांच्या करगोट्याला. भट्टी दादा बघे, मळणे दोन गडी करत, पण ईस्टला हात फक्त आबांचा. पहाटे ते आत जात, दार लावून घेत, आणि बाहेर येत तेव्हा त्यांच्या हातात फेसाळलेले पातेले असे. ते म्हणत, ईस्ट झोपलेले असते, त्याला उठवावे लागते. बोट घातले तर सुखद वाटेल इतपत कोमट पाणी, त्यात चिमूटभर साखर, वर ईस्ट पसरायचे आणि ताटली झाकून ठेवायची. थोड्या वेळाने वर दाट फेस आला तर ईस्ट जिवंत. फेस आला नाही तर ते मेलेले, आणि पाणी फार गरम असेल तर आपणच मारलेले. एवढे सगळ्यांना माहीत होते. मलाही माहीत होते, आणि मी तर कॉलेजात पुस्तकात डोके घालून बसणारी मुलगी. माप मात्र कोणाला माहीत नव्हते. पावाला रोज किती डबा रिकामा होतो यावरून दादाने अंदाज बांधला होता. गोड बनांचे माप त्याला कधी कळलेच नाही, कारण गोड बन सणासुदीलाच होत आणि त्या दिवशी आबा खोलीतून फेस घेऊन येत नसत, तर मैद्याची पातळ भिजवण घेऊन येत, बुडबुड्यांनी भरलेली. त्यात मग उरलेला मैदा, साखर, वनस्पती तूप, वेलची.

दादा तेव्हा तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. गिऱ्हाइकांसमोर आबा म्हणत, "आमचा थोरला भट्टी बघतो." यात कौतुकही होते आणि हद्दही. वहिनी एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "आवं, माझ्या माहेरी गड्याला बैलजोडी देत्यात पाच वर्सांनी. ह्यांना एक डबा उघडायची सोय न्हाई."

सत्तरच्या दशकाची अखेर होती ती. दिवाळी झाली आणि आबांना हर्नियाचे ऑपरेशन सांगितले. मिरजेला आठ-दहा दिवस राहावे लागणार होते. त्याच आठवड्यात इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याचा माणूस आला. गळीत हंगाम सुरू व्हायचा होता, बॉयलर पेटवण्याच्या दिवशी कामगारांच्या मुलांना गोड बन वाटायचे होते. इतकी मोठी ऑर्डर आमच्याकडे पूर्वी कधी आली नव्हती. आबा नाही म्हणतील असे मला वाटले. पण मिरजेला निघायच्या सकाळी त्यांनी ओसरीवर सगळ्यांसमोर करगोट्याची किल्ली सोडली आणि दादाच्या हातात दिली.

"कारखान्याचं बन नीट गेलं तर ही परत मागणार न्हाई," ते म्हणाले. "न्हाई गेलं तर तूच आणून दे. मला मागायला लावू नको."

दादाने किल्ली घेतली आणि त्यांच्या पाया पडला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आले. इतका वेळ ज्याची वाट पाहिली ते असे उघड्यावर, दुधाच्या हिशेबासारखे सांगितले गेले, हे मला तेव्हाच बोचले होते.

दादाने खोली उघडली, डबा उघडला, आणि त्याचा चेहरा उतरला. पावसाळ्याआधी फोडलेला डबा होता. झाकण नीट बसत नव्हते आणि दाणे दमट होऊन एकमेकांना चिकटले होते. त्याने कोमट पाण्यात साखर घालून थोडे भिजवले. आम्ही दोघे ताटली उचलून उचलून पाहत होतो. कडेला पातळ साय आली एवढेच. बाकीचे ईस्ट चिखलासारखे तळाशी बसले.

"निम्मं मेलंय," दादा म्हणाला. "आबा म्हणून जास्त टाकत असणार. आणि म्हणून बनाला भिजवण करत असणार. ह्याला जोर न्हाई म्हणून आदी पाजून, निजवून, उठवून." त्याला एकदम हसू आले. "एवढंच व्हय ह्या खोलीत!"

मुंबईहून नवा डबा यायला वेळ लागला असता. पण दादाचा एक शाळेतला मित्र त्या दिवाळीला कुवेतहून आला होता. तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या छावणीत तो रोट्या भाजायचा. येताना त्याने दादासाठी भेट म्हणून दोन पाकिटे आणली होती. चांदीच्या रंगाची, आणि विटेसारखी घट्ट. मी बोटाने दाबून पाहिले तर दगड. मित्राने चाकूने कोपरा कापला, आत हवा शिरल्याचा बारीक आवाज झाला आणि ती वीट क्षणात मऊ पडली. आत ईस्टच होते, पण दाणे नव्हते. रव्याहून बारीक, शेवयांच्या चुऱ्यासारखे.

"गड्या, हे भिजवायचं न्हाई," मित्र म्हणाला. "डायरेक मैद्यात. पाणी नंतर. उठवायची भानगडच न्हाई, हे जागंच असतंय."

"आणि माप?"

"तुझ्या डब्याचं तीन भाग, तर ह्याचं दोन. डब्यातलं निम्मं मेलेलं असतंय रं, वाळवताना. हे सगळं जितं. आणि गार पाणी ह्याच्यावर नको ओतूस नुसतं, रुसतंय ते."

दादाने पाकीट माझ्या हातात दिले. "वाच गं, काय लिवलंय."

मी वाचले. इंग्रजीत तेच होते. कोरड्या मैद्यात मिसळावे, आधी भिजवण्याची गरज नाही, उघडल्यावर थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. मित्राने सांगितले ते एकूण एक खरे होते. मी आजही म्हणेन की त्यात काही चूक नव्हती.

दादाने दुसऱ्याच दिवशी पावाला करून पाहिले. रोजच्या मापाचे दोन तृतीयांश, कोरडेच मैद्यात चोळले, मग मीठ आणि पाणी. पीठ असे वर आले की मळणारे गडी लाकडी पेटीभोवती उभे राहून बघू लागले. लादी नेहमीपेक्षा लवकर फुगली, भट्टीतून निघाली ती उशीसारखी. एक गडी म्हणाला, "मालक, आता आमी पहाटं जरा निजावं म्हणतो." दादाने त्याला गमतीने मैदा मारला. मी त्याला इतके खूश त्याच्या लग्नातही पाहिले नव्हते.

ऑर्डरच्या आदल्या दुपारी आम्ही दोघे मिरजेला गेलो. ऑपरेशन होऊन गेले होते. आबा खाटेवर उताणे पडून होते, हलले की दुखायचे. दादाने स्टूल ओढले आणि सगळे सांगितले. इतके बोलताना मी त्याला आबांसमोर कधी ऐकले नव्हते.

"डबा बसलाय आबा, फेसच धरत न्हाई. नवं ईस्ट मिळालंय. भिजवायला लागत न्हाई. तीनाला दोन माप. पावाला करून बघितलं, लय झकास आलं. बनालाबी तसंच करतो. भिजवण करत न्हाई, सगळं एकदम मळायचं."

आबा छताकडे बघत होते. मग म्हणाले, "साखर?"

"तीबी एकदमच."

आबांनी मान वळवून दादाकडे पाहिले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता. ते काहीतरी बोलणार असे वाटले. ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी पुन्हा छताकडे तोंड केले.

"बरं," ते म्हणाले. "तू आता शाणा झालायस."

दादाला ते कौतुक वाटले, असे मी तेव्हा धरून चालले होते. परत येताना बसमध्ये तो गप्प होता. मला वाटले, दमला असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे पीठ मळले. मैद्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त साखर, भरपूर तूप, वेलची, आणि पावाच्या मापाने घेतलेले नवे ईस्ट. मी आणि वहिनीही मदतीला होतो. पीठ पिवळसर, तुळतुळीत झाले होते आणि सगळ्या बेकरीत वेलचीचा वास होता. पेटीवर ओले फडके टाकले. नेहमीचा वेळ झाला तेव्हा दादाने फडके उचलले. पीठ होते तिथेच होते. त्याने बोट रुतवले, खळगा तसाच राहिला.

"गारठा हाय," तो म्हणाला.

नोव्हेंबरची पहाट होती, गारठा होताच. पेटी भट्टीजवळ ओढली. आणखी थांबलो. पीठ किंचित हलले होते, म्हातारा माणूस कूस बदलतो तेवढे. उजाडले. ट्रक सकाळीच येणार होता. दादाने तसेच गोळे पाडायला घेतले. म्हणाला, ट्रेमध्ये फुगतील. ट्रे भट्टीच्या तोंडाशी मांडले. गोळ्यांवर कोरडी साल धरली, खालून तूप सुटून ट्रेला लागले, पण गोळे वाढले नाहीत. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. दादा हातात फडके घेऊन त्या गोळ्यांकडे बघत उभा राहिला. मग त्याने ट्रे आत सारले.

बनांनी रंग मात्र झरझर धरला. जी साखर ईस्टने खायची ती न खाता तशीच उरली होती, ती भट्टीत जळाली. वरून गडद तपकिरी, आत चिकट आणि कच्चे. कारखान्याच्या माणसाने एक उचलला, हातात तोलला, ट्रेवर आपटला. ठक्क वाजला.

"आवं, ह्ये पोरांनी खायाचं का चिंचा पाडायच्या ह्येनं?"

ट्रकवरचे हमाल हसले. दादाही हसला. ते हसू मी विसरलेले नाही. माणूस भलेपणाने म्हणाला की पोरे वाट बघत असतील, आम्ही दुसरीकडून पेढे घेतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रिकामा ट्रक निघून गेला. बन कोणी नेले नाहीत, कोणी खाल्ले नाहीत. दोन दिवस ते ट्रेमध्येच होते. मग वहिनीने शेजारच्या गोठ्यात दिले.

आणि एक सांगायचे राहिले. न पाडलेला पिठाचा एक मोठा गोळा पेटीच्या कोपऱ्यात विसरला होता. दुपारी गडी पेटी धुवायला गेला तर तो दुप्पट झाला होता. छान फुगलेला, जाळी पडलेला. ईस्ट मेलेले नव्हतेच. त्याला वेळ हवा होता. दादाने तो गोळा हाताने दाबून बसवला आणि बाहेर जाऊन हात धुतले.

आबा घरी आले त्या दिवशी दादाने किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी मागितली नाही, त्याने मागायला लावली नाही. आबांनी ती करगोट्याला बांधली. त्या विषयावर घरात कोणी एक शब्द काढला नाही. दुकानात मात्र आबा गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या थोरल्यानं कारखान्याला धोंडं पुरवलं," आणि गिऱ्हाइके हसत, आणि दादा आत भट्टीत फळी सारत असे.

मला राहवले नाही. एका संध्याकाळी आबा अंगणात एकटे बसले असताना मी विचारले, "आबा, बन का नाही फुगले?"

त्यांनी इतक्या सहज सांगितले की मी थक्क झाले. "साखर ईस्टचं पाणी वढून घेती. चिमूटभर असली तर त्याचं खाणं, ढीगभर असली तर त्याला तहान लागती, ते सुस्त पडतं. म्हणून गोडाला ईस्ट पावापेक्षा जास्त लागतं, दीडपट, दुप्पट. आणि आदी थोड्या मैद्यात बिनसाखरंचं चांगलं माजू द्यायचं, मग साखर, तीबी दोन बारीनं, आणि तूप शेवटी. ईस्ट डब्यातलं असू दे न्हाईतर कुवेतचं. भिजवण ईस्टसाठी न्हाई, साखरंसाठी असती."

"हे तुम्हाला मिरजेला ठाऊक होतं."

"व्हय."

"मग तुम्ही 'साखर' म्हणून विचारलंत आणि गप्प बसलात?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाची छटाही नव्हती, हे मला लिहिलेच पाहिजे. "मला कुणी सांगितलं हुतं?" ते म्हणाले. "साऱ्या पलटणीचं बन बसवलं मी एकदा. हवालदारानं तेच बन गळ्यात बांधून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तवा शिकलो. फुकटचं शिकलेलं ऱ्हात न्हाई, पोरी."

"आणि त्यानं किल्ली मिळवली असती तर?"

यावर ते उठून आत गेले.

वर्षाच्या आत दादा वहिनी आणि मुलांना घेऊन साताऱ्याला गेला. आधी दुसऱ्याच्या बेकरीत भट्टीवर राहिला, मग तीच बेकरी भाड्याने चालवायला घेतली. भांडण झाले नाही. सामान ट्रकमध्ये चढवले तेव्हा आबा दुकानात पाव मोजत होते.

मी पहिल्यांदा साताऱ्याला गेले तेव्हा तो गोड बन करत होता. दाराला कुलूप नव्हते. पातेल्यात भिजवण होती, बुडबुड्यांनी फुगून मध्यभागी नुकती खचू लागलेली. त्याने त्यात मैदा आणि अर्धी साखर ओतली. नवे ईस्ट आता त्याला मुंबईहून कोणीतरी आणून देत होते. माप त्याने स्वतःच बसवले होते. पावाला डब्यातल्याच्या दोन तृतीयांश, पण गोडाला पावाच्या जवळजवळ दुप्पट. किती पीठ वाया घालवून ते बसवले, ते त्याने सांगितले नाही. बन मोठे, हलके, आतून धाग्याधाग्याचे झाले होते.

मग मी त्याला आबांचे सांगितले. ते अंगणात काय म्हणाले ते. वाटले होते, तो चिडेल.

तो उरलेली साखर पिठात घालत होता. हात थांबला नाही. "मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "साखर म्हणाले तवाच कळलं, कायतरी चुकतंय. त्यांचं तोंड बघितलं मी."

"मग विचारलं का नाहीस तिथंच?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी."

"मग?"

"मग किल्ली त्यांचीच ऱ्हायली असती की गं. माझ्या हातात दिली तरी."

बसमध्ये तो गप्प का होता ते मला तेव्हा कळले. म्हणजे ती सगळी रात्र, ती पहाट, भट्टीजवळ ओढलेली पेटी, सगळे तो जाणून करत होता. काहीतरी चुकणार हे ठाऊक असून, काय ते ठाऊक नसून, आणि ज्याला ठाऊक होते त्याला न विचारता.

आबा त्यानंतर बरीच वर्षे जगले. साताऱ्याला एकदाही गेले नाहीत. दादा सांगलीला आला तो त्यांना स्मशानात पोचवायला. लोक म्हणतात, माणूस गेला की राग जातो. मी वाट पाहिली. आबांच्या वेळी गेला नाही, आणि आता दादाच्या वेळीही जात नाही. एक वाक्य होते, खाट आणि स्टूल यांच्या मध्ये. कोणीही उचलले असते तर चालले असते. मी दोघांवरही चिडलेली आहे, आणि ऐकायला आता दोघांपैकी कोणी नाही.